मदत हवी आहे: मुलाखतीच्या सकाळी बहिणीला काय लिहू?

धाकट्या बहिणीची उद्या सकाळी १० वाजता मुलाखत आहे. तयारी चोख आहे, पण ऐनवेळी तिचे हात गार पडतात आणि ती भराभर बोलायला लागते. मी दुसऱ्या गावी असल्यामुळे मेसेजच पाठवू शकतो. फोन केला की ती रडवेली होते, त्यामुळे तो नको.

'टेन्शन घेऊ नकोस' लिहून पाहिलंय, उलट चिडली. 'तुला नक्की जमेल' यानेही दडपणच येतं, निकालाची आठवण होते ना! म्हणून यावेळी हा मसुदा केलाय:

"छाती धडधडतेय ना? धडधडू दे, अंग तयार होतंय. आत जाण्याआधी श्वास सावकाश सोड, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून. पहिल्या प्रश्नाला दोन क्षण थांबून उत्तर दे. याला रिप्लाय नको."

आई-बाबांचे शुभेच्छांचे मेसेज येतीलच, म्हणून तो भाग गाळलाय. साडेनऊनंतर तिचा फोन बंद असेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धडधडीचा उल्लेख केल्याने तिचं लक्ष उगाच तिकडेच जाईल का? आणि हे उठल्या उठल्या पाठवू की ती निघाल्यावर, वाटेत वाचेल असं?