मदत हवी आहे: एकाच परदेशी साइटवरून डाउनलोड रांगतंय

लाइन २०० एमबीपीएसची आहे, बाकी सगळं सुसाट चालतं. फक्त एका परदेशी साइटवरच्या मोठ्या फाइल्स रात्री नऊनंतर ३०० केबी प्रतिसेकंदावर येतात; पहाटे तीच फाइल ६ एमबीने उतरते. सर्व्हरने वेग बांधला असता तर तो दिवसभर सारखाच राहिला असता ना? म्हणून माझा संशय पिअरिंगच्या गर्दीवर आहे.

व्हीपीएन लावला की रात्रीही वेग येतो. पण त्याने रस्ता बदलतो तसा आयपीही बदलतो, आणि कदाचित सीडीएनचा सर्व्हरही. मग नेमका दोष कोणाचा? डीएनएस बदलून पाहिला, आयपी तोच मिळाला.

`mtr` मध्ये मधल्या एका हॉपवर ४०% लॉस दिसतो, शेवटच्यावर शून्य. तो सोडून द्यायचा ना? परतीचा रस्ता कसा तपासू?