वीजबिल: या महिन्यात २६० युनिट कशी आली?

ए-१०४ काकू: नमस्कार. डिसेंबरचं बिल ९० युनिटचं होतं, जानेवारीचं एकदम २६० युनिटचं आलंय. घरात नवीन काही घेतलेलं नाही. १०० च्या वर गेलं की सगळी युनिटं महाग दराने लागतात म्हणतात, तसं झालंय का? कोणी समजावून सांगेल का?

बी-३०१ काका: काकू, बिलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. ग्राहक क्रमांक झाका. आधी रकमेकडे पाहू नका. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि युनिट हे तीन आकडे वाचा, आणि डिसेंबरच्या बिलात त्याच ठिकाणी काय छापलंय तेही बघा.

ए-१०४ काकू: या बिलात चालू ४८७०, मागील ४६१०, युनिट २६०. डिसेंबरच्या बिलात चालू रीडिंगच्या जागी आकडाच नाही, आरएनए असं लिहिलंय.

बी-३०१ काका: मग उलगडा तिथेच आहे. आरएनए म्हणजे त्या महिन्यात रीडिंग मिळालं नाही. मीटर खोलीला कुलूप असलं की असं होतं, तेव्हा 'लॉक' असंही छापून येतं. रीडिंग नसताना मागच्या वापराच्या सरासरीवरून बिल काढतात. म्हणजे तुमची डिसेंबरची ९० युनिटं मोजलेली नव्हती, अंदाजाची होती. ४६१० हे नोव्हेंबरअखेरचं खरं रीडिंग, ४८७० हे जानेवारीअखेरचं. २६० युनिटं दोन महिन्यांची आहेत, महिन्याला १३०. हिवाळ्यात गिझर चालतो, तेव्हा हे काही जास्त नाही.

सी-५०२ ताई: आणि काकू, १०० च्या वर गेलं की सगळी युनिटं महाग होतात हा गैरसमज आहे. दर पायऱ्यांनी चढतो. पहिली १०० युनिटं नेहमी पहिल्या पायरीच्याच दराने लागतात, वरची तेवढीच पुढच्या दराने. १०१ वं युनिट महाग असतं, पण त्याच्यामुळे आधीची १०० महाग होत नाहीत.

डी-२०३ दादा: पण मग दोन महिन्यांची युनिटं एकाच बिलात आली, तर पहिल्या पायरीत फक्त १०० च बसणार ना? म्हणजे नुकसान आहेच.

बी-३०१ काका: दादा, नेमकं हेच तपासायचं असतं. बिल दोन महिन्यांचं असेल तर पायऱ्यांच्या मर्यादाही दुप्पट व्हायला हव्यात. पहिली पायरी २०० पर्यंत, दुसरी ६०० पर्यंत. स्वस्त दराची युनिटं दर महिन्याला मिळतात, रीडिंग उशिरा घेतलं म्हणून ती बुडत नाहीत. हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे फरक किती पडतो ते दिसेल.

महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर घेतो. वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९. त्यापुढे ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४, पण काकूंना ते लागत नाहीत. वहन आकार सगळ्या युनिटांना सारखा, १.१७. स्थिर आकार सिंगल फेजला महिन्याला १२८.

काकूंची २६० युनिटं दोन महिन्यांत वाटली की २०० युनिटं ४.७१ ने ९४२ रुपये, उरलेली ६० युनिटं १०.२९ ने ६१७.४० रुपये. वीज आकार झाला १५५९.४०.

मर्यादा दुप्पट केल्याच नाहीत, तर १०० युनिटांचे ४७१ आणि १६० युनिटांचे १६४६.४०, म्हणजे २११७.४०. तीच युनिटं, तोच वापर, फक्त वाटणीमुळे ५५८ रुपयांचा फरक. त्यावर शुल्क चढतं ते वेगळं.

ए-१०४ काकू: अगं बाई! मग माझ्या बिलात कुठलं धरलंय, हे कसं कळेल?

बी-३०१ काका: वीज आकाराच्या ओळीतली रक्कम बघा. १५५९ असेल तर वाटणी बरोबर आहे, २११७ असेल तर नाही. वहन आकार दोन्हीकडे ३०४.२० च येईल, त्यामुळे त्यावरून काही कळणार नाही.

ए-१०४ काकू: १५५९.४० आहे!

सी-५०२ ताई: छान, म्हणजे मुख्य शंका मिटली. स्थिर आकार २५६ असेल, दोन महिन्यांचा. हा वापराशी बांधलेला नाही. घर महिनाभर बंद असलं तरी लागतो, कारण तो जोडणी ठेवण्याचा खर्च आहे. थ्री फेजला तो सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त असतो. म्हणून ज्यांच्याकडे जुनी थ्री फेज जोडणी आहे आणि आता तेवढा भार नाही, त्यांनी ही ओळ नक्की पाहावी.

डी-२०३ दादा: वहन आकार म्हणजे तारांचं भाडं का?

सी-५०२ ताई: साधारण तसंच. वीज आकारात वीज विकत घेण्या-बनवण्याचा खर्च येतो, वहन आकार ती वितरणाच्या जाळ्यातून घरापर्यंत आणण्याचा. दर राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेले असतात, कंपनीला मनाने बदलता येत नाहीत. त्यामुळे पत्रक पाहून ते पडताळता येतात. मध्येच बदलणारी ओळ एकच, इंधन समायोजन आकार.

ए-१०४ काकू: तेच विचारणार होते. गेल्या वर्षी कधी दिसायचा, कधी नाही.

सी-५०२ ताई: आयोग वर्षाचा दर ठरवतो तेव्हा कोळसा, गॅस आणि बाहेरून विकत घेतलेली वीज यांचा एक खर्च गृहीत धरतो. प्रत्यक्षात महिन्यामहिन्याला तो कमी-जास्त होतो. तो फरक युनिटमागे काही पैसे लावून वसूल करतात, त्याला इंधन समायोजन म्हणतात. खर्च गृहीत धरल्यापेक्षा कमी झाला तर ही रक्कम उणेही येऊ शकते. आणि खर्चाचा हिशेब पूर्ण झाल्यावरच तो लागतो, म्हणून आज दिसणारा आकार आजच्या विजेचा नसतो, काही महिन्यांआधीच्या खर्चाचा असतो. उन्हाळ्यात महाग वीज घेतली आणि त्याचा भार पावसाळ्यातल्या बिलात दिसला, असं होतं. आपण वापर कमी केला तरी दर चढलेला दिसतो, तो यामुळे.

शिवाय हा दरही पायरीनुसार वेगळा असतो. वरच्या पायरीतल्या युनिटांना जास्त पैसे. म्हणून पायऱ्यांची वाटणी चुकली तर हाही चुकतो.

बी-३०१ काका: आता पुढचा हिशेब. इंधन समायोजन दर महिन्याला बदलतं, म्हणून उदाहरणापुरते पहिल्या पायरीला २० पैसे आणि दुसरीला ३५ पैसे धरतो. २०० युनिटांचे ४०, ६० युनिटांचे २१, मिळून ६१ रुपये.

स्थिर २५६, वीज १५५९.४०, वहन ३०४.२०, इंधन ६१. बेरीज २१८०.६०. त्यावर वीज शुल्क १६ टक्के, ३४८.९०. एकूण २५२९.५०.

डी-२०३ दादा: शुल्क स्थिर आकारावरही? मला वाटलं फक्त विजेवर.

बी-३०१ काका: चारही रकमांच्या बेरजेवर. म्हणून इंधन समायोजन एक रुपयाने वाढलं की बिल १.१६ ने वाढतं. हे शुल्क राज्य सरकारचं असतं, कंपनी फक्त गोळा करून भरते. विजेवर जीएसटी नाही, आणि 'वीज विक्री कर' ही ओळ घरगुती बिलात रिकामी असायला हवी. तिथे रक्कम दिसली, तर दर प्रकार घरगुतीऐवजी व्यापारी पडलाय का ते पाहा. दुकानाचा गाळा विकत घेऊन घर म्हणून वापरणाऱ्यांना हे कामाचं आहे.

ए-१०४ काकू: पण डिसेंबरचं बिल तर मी भरलंय. मग ते परत का?

बी-३०१ काका: परत नाही काकू, वजा होतं. डिसेंबरच्या ९० युनिटांचे स्थिर १२८, वीज ४२३.९०, वहन १०५.३०, आणि वरच्याच २० पैशांनी इंधन १८. बेरीज ६७५.२०, शुल्क १०८.०३, एकूण ७८३.२३. हे २५२९.५० मधून गेले की राहतात १७४६.२७. घरगुती बिल दहाच्या पटीत पूर्ण करतात, म्हणून १७५० च्या आसपास. तुमच्या बिलात इंधनाचा दर वेगळा असेल, तर थोडा फरक पडेल. वजा झालेली रक्कम समायोजित रकमेच्या ओळीत दिसते, कधी 'लॉक क्रेडिट' असंही छापतात.

ए-१०४ काकू: समायोजित रकमेच्या ओळीत उणे चिन्हासह रक्कम आहे. भरायची रक्कम १७३०.

सी-५०२ ताई: मग जुळलं. वीस रुपयांचा फरक इंधनाच्या दराचाच. ती उणे रक्कम नसती, तर मात्र डिसेंबरचे पैसे दोनदा गेले असते. सरासरीनंतर खरं रीडिंग येतं तेव्हा या दोनच गोष्टी बघायच्या: पायऱ्या दोन महिन्यांच्या धरल्या का, आणि आधीचं सरासरी बिल वजा झालं का.

डी-२०३ दादा: एक राहिलं. माझ्या बिलात थकबाकी दाखवतात, पैसे तर भरलेले आहेत.

सी-५०२ ताई: दादा, बिल तयार झाल्याची तारीख आणि तुम्ही भरल्याची तारीख शेजारी ठेवा. भरणा बिल निघाल्यानंतर झाला असेल तर पुढच्या बिलात निघून जाईल. आधीचा असेल तर पावती घेऊन लगेच विचारा. आणि देय तारीख उलटली तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो, तो त्यानंतरच्या बिलात दिसतो.

ए-१०४ काकू: मग पुढच्या महिन्यात पुन्हा आरएनए येऊ नये म्हणून काय करायचं?

बी-३०१ काका: मीटर खोलीची एक चावी वॉचमनकडे ठेवू. रीडिंगचा दिवस साधारण ठरलेला असतो, मागच्या बिलांवरच्या रीडिंगच्या तारखा पाहिल्या की कळतो. तरीही घेतलं गेलं नाही, तर महावितरणच्या ॲपवर मीटरचा फोटो काढून आपणच रीडिंग पाठवू शकतो. फोटोत मीटर क्रमांक आणि आकडे स्पष्ट हवेत. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, त्यातला केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा आकडा घ्यायचा. घाईत केडब्ल्यू किंवा व्होल्टचा आकडा टिपला जातो आणि बिल विचित्र येतं.

ए-१०४ काकू: वहीत ४८७० लिहून ठेवते.

बी-३०१ काका: तारीखही लिहा. फेब्रुवारीच्या बिलात 'मागील रीडिंग' तोच ४८७० असला पाहिजे. वेगळा आकडा दिसला तर रकमेची वाट न पाहता इथे टाका.