कर्जातून ‘ठेव’ निर्माण होते, असं मराठीत म्हणता येतं का?

मुक्ता_अ
बँका पैसा कसा तयार करतात, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातलं कळीचं वाक्य मी असं लिहिलं: ‘बँक कर्जाची रक्कम खात्यात टाकते त्या क्षणी तेवढ्याच रकमेची नवी ठेव निर्माण होते.’ संपादकांनी त्याखाली रेघ मारून कागद परत पाठवला. त्यांचं म्हणणं असं, की ठेव कुणीतरी ठेवावी लागते, ती आपोआप निर्माण होत नाही. आधी ठेव, मग त्यातून कर्ज, आणि मी क्रम उलटा केला आहे.

क्रम मूळ लेखातच तसा आहे, किंबहुना सगळा लेख त्याचसाठी लिहिलेला आहे. पण शब्दाबद्दलची हरकत मला खोडता येत नाही. ‘ठेव’ म्हटलं की ठेवणारा हात डोळ्यांपुढे येतोच. इथे दुसरा शब्द कोणता चालेल? आणि ‘लिक्विडिटी’ला तरलता, रोखता की रोकडसुलभता, हेही सांगा.

शब्दनिष्ठ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ‘तरलता’ वाचून त्रास होतो. मराठीत तरल असते ती कविता, भावना, फार तर स्वर. पातळ पदार्थाला आपण द्रव म्हणतो. ‘तरलता’ हिंदीतल्या अर्थासकट जशीच्या तशी उचलली गेली आहे. ‘रोखता’ हा आपला शब्द आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘रोखता पसंती’ कितीतरी वर्षं छापलं जातंय. हातचं सोडून उसनं कशाला घ्यायचं?

आडवाट
संस्कृतातला तरल म्हणजे हलणारा, चंचल. त्या अर्थाने पैशाला तो शोभतो. ‘चलन’सुद्धा चालण्यावरूनच आलं, आणि ‘नाणे’ हा शब्द कुषाणांच्या नाण्यांवरच्या नाना देवीवरून आला असं म्हणतात. हिंदीमार्गे आला म्हणून शब्द बाटत नाही.

चौकस
शब्दाचं नंतर बघू. संपादकांचं म्हणणं बरोबर आहे. बँक आपल्या ठेवींतूनच कर्ज देते. रोख राखीव प्रमाण ४ टक्के असेल तर १०० रुपयांतले ४ बाजूला ठेवून ९६ कर्जाऊ देता येतात. ते ९६ दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून जातात, तिथून पुन्हा कर्ज. असं करत १०० रुपये राखीव रकमेवर २,५०० पर्यंत ठेवी उभ्या राहतात. हाच गुणक, आणि यालाच ‘पतनिर्मिती’ म्हणतात. शब्द तयार असताना नवा शोधायची गरज नाही.

खतावणी
चौकस, तुमचं गणित चुकलेलं नाही. पण ते वरची मर्यादा सांगतं, बँकेत रोज काय घडतं ते सांगत नाही. माझी बरीच नोकरी बँकेच्या ट्रेझरीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा ‘क’ बँकेकडे १ कोटीच्या ठेवी आहेत, आणि ४ टक्क्यांच्या हिशेबाने तिचे ४ लाख मध्यवर्ती बँकेतल्या खात्यात आहेत, बरोबर तेवढेच. तुमच्या हिशेबाने ती आता एक रुपयाही कर्ज देऊ शकत नाही. प्रत्यक्षात ती एका ग्राहकाला १० लाख मंजूर करते. कर्जखात्याला १० लाख नावे आणि ग्राहकाच्या खात्याला १० लाख जमा, अशा दोन नोंदी होतात. दुसऱ्या कुठल्याही ठेवीदाराच्या खात्यातून एक पैसाही हललेला नसतो. ठेवी १ कोटी १० लाख झाल्या, आणि हे १० लाख आजच जन्माला आले.

आता ग्राहक ते १० लाख ‘ख’ बँकेत खातं असलेल्या माणसाला देतो. ‘क’च्या ठेवी पुन्हा १ कोटी होतात. पण बँकांचा आपसातला हिशेब मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांवर मिटतो, त्यामुळे तिथून १० लाख जायला हवेत आणि शिल्लक आहे ४. खरी ओढाताण इथे होते. त्याच वेळी ‘ख’कडे १० लाख आले आहेत. या नव्या ठेवीवर तिला ४० हजार राखायचे आहेत, म्हणजे ९ लाख ६० हजार मोकळे. ते ती एका रात्रीसाठी ‘क’ला उसने देते. सगळ्या व्यवस्थेत मिळून तुटवडा उरला फक्त ४० हजारांचा.

ते ४० हजार मध्यवर्ती बँकेने दिले नाहीत तर बँका एकमेकींकडे मागत फिरतात आणि एका रात्रीचा व्याजदर वर चढतो. तो दर जागेवर ठेवायचा तर रोखे तारण घेऊन ती रक्कम तिला पुरवावी लागते. म्हणजे कर्ज आधी, ठेव त्याच क्षणी आणि राखीव रक्कम सर्वांत शेवटी. शिवाय राखीव रक्कम मोजतात ती आधीच्या पंधरवड्यातल्या ठेवींवर, म्हणून आज दिलेल्या कर्जाचा भार आज येतही नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हाच क्रम मांडला होता.

मुक्ता_अ
हे फार उपयोगी आहे, खतावणीताई. यात तुम्ही सहज ‘जमा’ लिहिलंत. ‘नवी जमा निर्माण होते’ चालेल का?

शब्दनिष्ठ
‘जमा’ अरबीतून आलेला आहे.

आडवाट
आणि किती पिढ्यांच्या कीर्द-खतावण्या त्यावर उभ्या आहेत! जमा आणि नावे ही जोडी काढली तर मराठीत हिशेबच लिहिता येणार नाही. परका शब्द म्हणजे नेमका कुठल्या शतकानंतर आलेला, ते एकदा ठरवून सांगा.

शब्दनिष्ठ
शतकाचा प्रश्न नाही. ‘जमा’ म्हटलं की गोळा झालेलं, जमलेलं. ते निर्माण होतं म्हणणं ‘ठेव’इतकंच विचित्र. मी ‘खातेशेष’ सुचवतो.

प्रभाकर७
मला ठेवीबद्दल थोडी माहिती हवी होती. माझी मुदत ठेव आहे. पैशांची गरज होती, पण ती न मोडता तिच्यावरच कर्ज घेतलं. म्हणजे बँकेने माझेच पैसे मला व्याजाने दिले ना? मग इथे नवीन काय निर्माण झालं? हे वाचून मनात आलं, की असं कर्ज घेणं चूक होतं का?

खतावणी
प्रभाकरराव, कर्ज घ्यावं की ठेव मोडावी हे दोन्हींच्या व्याजातल्या फरकावर ठरतं, ते तुमच्या बँकेत विचारा. पण तुमचं उदाहरण चर्चेला नेमकं लागू पडतं. बँकेने तुमचे पैसे तुम्हाला दिले असते तर मुदत ठेव कमी झाली असती. ती आहे तेवढीच आहे, तिच्यावर फक्त बँकेचा तारणाचा हक्क नोंदला गेलाय. तुमच्या बचत खात्यात आलेली रक्कम त्याखेरीजची आहे. काल तुमच्या नावावर एक ठेव होती, आज ठेव आहे आणि वर खर्चायला शिल्लकही आहे.

प्रभाकर७
ठेव तशीच आहे हे खरं. बँकेत विचारून इथे कळवतो.

चौकस
ताई, एक शंका राहतेच. राखीव प्रमाणाने काही अडत नसेल तर मध्यवर्ती बँका ते हलवतात कशाला? १९ मे २०२३ ला २,००० च्या नोटा मागे घ्यायचं जाहीर झालं, लोकांनी त्या बँकांत भरल्या, आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने १९ मे ते २८ जुलैमध्ये वाढलेल्या ठेवींवर १० टक्के जादा राखीव ठेवायला लावली. एक लाख कोटींहून जास्त रक्कम शोषली गेली. हे पैशावरचं नियंत्रण नाही?

खतावणी
नियंत्रण आहे, पण कशावर ते पाहा. लोकांनी नोटा भरल्या, बँकांनी त्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवल्या आणि तिथल्या खात्यांत बँकांची शिल्लक वाढली. ती मोकळी राहिली असती तर रात्रीच्या बाजारात घेणारे कमी आणि देणारे जास्त झाले असते. मग रेपो दर कितीही जाहीर केलेला असो, खरा दर त्याच्या खाली घसरला असता. ती शिल्लक बांधून ठेवली ती यासाठी. काम झाल्यावर ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने ती सोडूनही दिली. लोकांच्या खात्यांतला पैसा त्याने घटला नाही.

उलट बाजूही बघा. अमेरिकेत २६ मार्च २०२० पासून हे प्रमाण शून्य आहे. शंभराला शून्याने भागून तुमच्या गुणकाचं काय होतं ते तुम्हीच करून बघा. तिथल्या बँकांनी अमर्याद कर्जं दिली नाहीत. कर्ज बुडालं तर तोटा भागधारकांच्या भांडवलातून जातो, परत फेडणारा माणूस मिळावा लागतो, आणि व्याजदर वाढला की मागणारे कमी होतात. खरा लगाम या तिन्हींचा आहे.

चौकस
शून्य प्रमाणाचं मान्य. पण आपल्याकडे या राखीव रकमेवर बँकांना व्याज मिळत नाही. प्रमाण वाढलं की तो भार कर्जदारावर येतो, म्हणजे फिरून कर्जावर परिणाम झालाच. गुणक पुस्तकातून काढून टाका असं मी म्हणणार नाही.

खतावणी
व्याजाचा मुद्दा बरोबर आहे. पण तो परिणाम खर्चावाटे झाला, ९६ रुपये मोजून देण्यातून नव्हे.

आडवाट
यातून मला एक दिसतं. ‘रोख राखीव प्रमाण’ यातला ‘रोख’ पूर्णपणे दिशाभूल करणारा आहे ना? ताईंच्या उदाहरणात एकही नोट नाही.

खतावणी
अगदी. आपल्याकडे ती रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातच असावी लागते. बँकेच्या तिजोरीतल्या नोटा त्यात धरत नाहीत. अमेरिकेत प्रमाण होतं तेव्हा तिजोरीतल्या नोटाही धरत. आणि लिक्विडिटीला ‘रोखता’ म्हटलं की हाच गोंधळ दुसऱ्यांदा होतो. बाजारात ‘लिक्विडिटी कमी आहे’ म्हणतात तेव्हा बँकांची मध्यवर्ती बँकेतली मोकळी शिल्लक आटलेली असते, लोकांच्या खिशातल्या नोटा नव्हे. आमच्याकडे सगळे लिक्विडिटीच म्हणायचे.

शब्दनिष्ठ
तुमच्याकडे म्हणायचे म्हणून मराठीने हात टेकायचे? ‘रोखता’ चुकीची वाटत असेल तर ‘द्रवता’ घ्या.

मुक्ता_अ
बँकांची शिल्लक आणि लोकांचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता नीट कळलं. माझ्या मसुद्यात दोन्हीकडे ‘रोखता’ पडली होती, ती वेगळी करते. लेखात पुढे ‘गंगाजळी’ही वापरली आहे. तीही बदलू का?

आडवाट
गंगाजळी बदलाच. वर्तमानपत्रांनी ती परकीय चलनाशी इतकी घट्ट बांधली आहे, की वाचकाला डॉलरच आठवतील. मुळात ते गंगेचं पाणी जपून ठेवायचं भांडं, अडीअडचणीला उघडायचं. बँकांची ही राखीव शिल्लक तर रोज फिरते.

मुक्ता_अ
आणि अजून एक. त्याच परिच्छेदात पुढे आहे, की कर्ज फेडलं की तेवढा पैसा नाहीसा होतो. मी ‘नष्ट होतो’ लिहिलंय. संपादक यावरही रेघ मारणार.

खतावणी
अर्थ बरोबर आहे. ग्राहकाच्या खात्याला नावे, कर्जखात्याला जमा, दोन्ही आकडे खाली येतात. फक्त मुद्दलापुरतं म्हणा. व्याज बँकेचं उत्पन्न होतं, आणि त्यातून पगार-लाभांश दिले की ते पुन्हा लोकांच्या खात्यांत येतं.

शब्दनिष्ठ
‘विलय पावतो’.

आडवाट
‘मिटतो’. नोंद मिटते, हिशेब मिटतो, मग पैसाही मिटतो.

चौकस
फेडलेला पैसा बँकेकडे परत जातो, नष्ट कसा होईल? तोच ती पुढच्या माणसाला देते.