412 की 400: आकडा जुळला म्हणजे मॉडेल बरोबर?

आंबेवाला: देवगडजवळची हापूसची बाग, 10 बाय 10 मीटरवर लावलेली, उताराची. ड्रोनचे फोटो जोडून केलेला ऑर्थो, पिक्सेल 3 सेंटिमीटरचा. चित्रातल्या झाडांभोवती बॉक्स काढणाऱ्या DeepForest मॉडेलला आमच्याच बागेतले थोडे बॉक्स देऊन शिकवलं. मॉडेल म्हणतं 412 झाडं, गड्यांनी मोजली 400. म्हणजे 97 टक्के अचूक. मग मोजणीला माणसं कशाला लावायची?

नकाशेकरीण: हे 97 टक्के वाचून राहवलं नाही. नुसती बेरीज जुळण्याला अचूकता म्हणत नाहीत. दगडाच्या सावलीला झाड म्हटलं आणि शेजारचं खरं झाड सोडलं, तरी आकडा तोच येतो. असं करा: QGIS मध्ये बॉक्सचा थर बंद ठेवा आणि आधी प्रत्येक झाडाच्या मधोमध एक ठिपका द्या. बॉक्स समोर असले की डोळा त्यांनाच होकार देतो, म्हणून हा क्रम मोडू नका. मग Count Points in Polygon चालवा. NUMPOINTS शून्य आला तर तो बॉक्स खोटा, दोन आला तर दोन झाडं एकाच बॉक्समध्ये. ज्या ठिपक्यावर बॉक्सच नाही ते झाड सुटलं, आणि ज्यावर दोन बॉक्स ते दुबार.

थ्रेशोल्ड_सावंत: एवढा खटाटोप कशाला? मॉडेल प्रत्येक बॉक्सला खात्रीचा स्कोअर देतं, त्याची मर्यादा 0.3 वरून 0.5 करा, खोटे बॉक्स गळतात.

नकाशेकरीण: गळतात, पण त्यांच्यासोबत लहान कलमंही गळतात, कारण त्यांचाही स्कोअर कमीच असतो. आणि खोटे किती हे मोजलंच नसेल, तर 0.5 बरोबर हे कशावरून ठरवलंत?

गावठाण: आमच्याकडे कौलारू छपरं मोजताना हाच घोळ. सामाईक भिंतीची दोन घरं, वर एकच कौलं. मॉडेल एक म्हणतं, घरपट्टीला दोन. यात चूक कोणाची?

नकाशेकरीण: मॉडेलची नाही. छप्पर मोजायला सांगितलं, त्याने छप्पर मोजलं. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

थ्रेशोल्ड_सावंत: स्कोअर नको तर उंची घ्या. पृष्ठभागाच्या उंचीतून जमिनीची उंची वजा करा आणि दीड मीटरखालचं सगळं उडवा. करवंदं गेली, दगड गेले.

कातळावरचा: करवंदीची जाळी दीड मीटरवर थांबते असं कोणी सांगितलं? दोन-अडीच मीटरच्या जाळ्या कातळावर पडलेल्या आहेत. आणि दोन वर्षांचं कलम कित्येकदा दीड मीटरसुद्धा नसतं. तुमची चाळणी खरं झाड फेकणार आणि काटे ठेवणार. बाग न बघता कशाला बोलायचं?

थ्रेशोल्ड_सावंत: मी जुन्या बागेबद्दल बोललो. नवी लागवड असेल तिथे चाळणी लावू नका, हे मान्य. पण दगडांपुरती ती चालते, आणि हे तुम्ही खोडलेलं नाही.

कातळावरचा: दगडांपुरती चालते. तेवढंच.

आंबेवाला: ठिपके देऊन झाले. 412 बॉक्सपैकी 41 वर एकही ठिपका नाही. 23 बॉक्समध्ये दोन-दोन झाडं. 14 झाडांवर दुबार बॉक्स. 20 झाडं पूर्ण सुटली. म्हणजे 55 जास्तीचे, 43 कमी, आणि वजाबाकी 12.

नकाशेकरीण: म्हणजे 357 झाडांना प्रत्येकी एक बरोबर बॉक्स. बॉक्सपैकी खरे 87 टक्के, झाडांपैकी सापडली 89 टक्के. मॉडेल चित्राच्या टाइल कापून एकेक बघतं, म्हणून दुबार बहुतेक टाइलच्या कडेवर असतील. 400 पिक्सेलची टाइल 3 सेंटिमीटरवर फक्त 12 मीटरची होते, आणि 8 मीटरचा घेर तीत क्वचितच अख्खा मावतो. त्या मॉडेलचं मूळ शिक्षण 10 सेंटिमीटरच्या चित्रांवर झालं आहे. चित्र तिथे आणा:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 0.1 0.1 -r average bag.tif bag_10cm.tif
```

`-t_srs` विसरू नका. चित्र अंशांत असेल तर 0.1 म्हणजे सुमारे 11 किलोमीटर, आणि अख्खी बाग एका पिक्सेलमध्ये जाईल. शिकवायचे बॉक्सही याच चित्रावरून द्या. आता टाइल 40 मीटरची झाली. `patch_overlap` 0.25 ठेवा, म्हणजे 10 मीटरची पट्टी दोन्ही टाइलमध्ये येते आणि कडेचं झाड एका तरी टाइलमध्ये अख्खं दिसतं.

आंबेवाला: केलं. दुबार 2, खोटे 22, जोडलेले 21, सुटलेली 14. पण एकूण 389! आधी 12 ने चुकत होतो, आता 11 ने. मग एवढं करून मिळालं काय?

नकाशेकरीण: आधी चुका 98 होत्या, आता 59. झाडागणिक औषध फवारणार असाल तर फरक याच आकड्यात आहे. आणि जोडलेले 23 वरून 21 वरच अडकले, कारण फांद्या एकमेकींत गेलेल्या आहेत. वरून शिवणच दिसत नाही, तिथे मॉडेल काय करणार?

कातळावरचा: तिथे बुंधेच मोजावे लागतात. गडी लावूनच.

थ्रेशोल्ड_सावंत: 10 मीटरची लागवड माहीत आहे ना? ओळीत 20 मीटर लांबीचा बॉक्स दिसला की दोन धरा.

कातळावरचा: मधलं झाड मेलेलं असेल आणि शेजारच्याच्या फांद्या तिथवर पसरल्या असतील, तर?