आईच्या सोनोग्राफीत 'पित्ताशयाची भिंत जाड' आलंय, कोणी सांगेल का?

बी-३०४: नमस्कार, जरा मदत हवीये. आईला (वय ६१) गेली १२ वर्षं पित्ताशयात खडे आहेत, त्रास नव्हता म्हणून काही केलं नाही. परवा पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये खडे, सगळ्यात मोठा २२ मिमी, आणि भिंत जाड झालीये ९ मिमी असं आहे. नेटवर वाचलं तर सगळीकडे कॅन्सर कॅन्सर. आईला अजून काही सांगितलं नाही.

ए-१०२: अरे घाबरू नकोस, माझ्या मेव्हण्याची पण भिंत जाड होती, डेंग्यू झालेला तेव्हा, आपोआप उतरलं सगळं. खड्यांना विरघळवायचं औषध मिळतं ते बघ.

सी-५०१: काका, डेंग्यूचं बरोबर आहे पण ते वेगळं. (मी रेडिओलॉजिस्ट आहे, पण फिल्म न बघता बोलतेय हे लक्षात ठेवा.) डेंग्यू, लिव्हर सिऱ्होसिस, हार्ट फेल्युअर, रक्तात अल्ब्युमिन कमी, ह्या सगळ्यात भिंत सुजते आणि ती सगळीकडून सारखी सुजते. उपाशीपोटी नॉर्मल भिंत ३ मिमीपर्यंत असते. जेवून गेलं तर पित्ताशय आकसतं आणि भिंत उगाच जाड दिसते. दादा, आई उपाशी होत्या का?

बी-३०४: हो ताई, रात्रीपासून काही घेतलं नव्हतं, पाणीच.

सी-५०१: मग ९ हा आकडा बाजूला ठेव, त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते सांग. 'डिफ्यूज' म्हणजे सगळीकडे आहे, का 'फोकल' म्हणजे एकाच जागी?

बी-३०४: 'फंडस'जवळ फोकल, असिमेट्रिक. बाकी भिंत ३ मिमी.

सी-५०१: हं. फंडस म्हणजे पित्ताशयाचं टोक, आणि जाडी तिथेच आहे हे महत्त्वाचं. खड्यांमुळे वर्षानुवर्षं आत सूज असते, त्याने भिंत जाड होते ती बहुतेक वेळा साधीच असते, म्हणजे क्रॉनिक कोलेसिस्टायटिस. पण तीच सततची सूज काहींच्या अस्तरातल्या पेशी हळूहळू बदलते, आणि कॅन्सर झालाच तर बऱ्याचदा असा एकाच जागी, वेडावाकडा जाड भाग म्हणून दिसतो. एका जागची जाडी साधीही असू शकते, अ‍ॅडिनोमायोमॅटोसिस म्हणून प्रकार आहे, त्यात भिंतीत बारीक पोकळ्या दिसतात. सोनोग्राफीवर दरवेळी फरक कळत नाही, म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. त्यात भिंतीचे थर शाबूत आहेत का आणि लिव्हरला लागून असलेली रेघ स्वच्छ आहे का, हे बघतात.

ए-२०३: मग खडे असले की सगळ्यांना भीती का?

सी-५०१: नाही काकू. पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतात, पण खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, नेटवर पहिलंच मोठ्या अक्षरात असतं. खडा ३ सेंमीपेक्षा मोठा असला किंवा भिंतीत कॅल्शियम साठलं असलं की धोका वाढतो.

ए-२०३: माझ्या जावेचं सांगते. साधे खडे म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी, आणि पंधरा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तर त्यात कॅन्सर, परत पोट उघडून लिव्हरचा तुकडा आणि गाठी काढल्या. ती आता बरी आहे हो, पण ते पंधरा दिवस नको वाटतात.

सी-५०१: असं होतं काकू, म्हणूनच काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवायचंच, ते टाकून द्यायचं नसतं. फक्त आतल्या अस्तरात असेल तर पित्ताशय काढणं पुरतं, स्नायूच्या थरात किंवा पुढे गेलं असेल तर जावेसारखं मोठं ऑपरेशन लागतं. आणि दादा, शंका आधीच दिसत असेल तर घाईत साधी लॅप्रोस्कोपी नको. ऑपरेशनमध्ये पित्ताशय फाटून पित्त पोटात सांडलं आणि आत कॅन्सर असला तर तो पसरायची भीती असते. सर्जनना भेटतानाच सांग की फोकल आहे, कॅन्सर सर्जरी करणाऱ्याला दाखवू का.

ए-१०२: मग सुई टाकून बायोप्सी का नाही करत सरळ?

सी-५०१: काढता येण्यासारखं असेल तर शक्यतो नाही करत काका, सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात. आणि खडे विरघळवायचं ते औषध ठराविक लहान खड्यांनाच, तेही महिनोन्‌महिने घेऊन. २२ मिमीच्या खड्याला उपयोग नाही.

बी-३०४: ताई, कपाटात २ वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला, त्यात भिंत नॉर्मल लिहिलंय.

सी-५०१: म्हणजे हा बदल नवा आहे, थांबायचं नाही. दोन्ही रिपोर्ट आणि जुनी फिल्म सोबत ने. कावीळ, वजन कमी होणं असं काही?

बी-३०४: वजन ३-४ किलो उतरलंय, आम्हाला वाटलं कमी खातेय म्हणून.

सी-५०१: हे पण डॉक्टरांना सांग, आपण होऊन. कॉन्ट्रास्ट द्यायचंय म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करून घे, डायबिटीसची गोळी चालू असेल तर तेही कळव. रिपोर्ट आला की मला पर्सनलवर टाक, इथे नको, आईपण ग्रुपवर आहेत ना?

बी-३०४: अरे बापरे, हो. डिलीट करतो.