मोठा कॅनव्हास म्हणजे उदात्त?

निळीरेघ: एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रांत उदात्त, म्हणजे बघणाऱ्याला दडपून टाकणारी, भय वाटावं अशी भव्यता, कसं येतं, हे उगाच गूढ करून ठेवलंय. प्रचंड कॅनव्हास, वर वादळ, खाली मुंगीएवढी माणसं. झालं उदात्त.

गेरू: राहवलं नाही म्हणून लिहितोय. जर्मन चित्रकार फ्रीडरिखच्या 'समुद्रकाठचा भिक्षू'मध्ये (१८०८–१०) वादळ कुठंय? कॅनव्हासही ११० बाय १७१.५ सेंटिमीटर, त्या काळासाठी अवाढव्य नव्हे. पण पाच-षष्ठांशाच्या आसपास नुसतं आकाश. कडेला झाड नाही, खडक नाही, उभी वस्तू एकच: तो भिक्षू. अवरक्त तपासणीत दिसलं की आधी तिथे जहाजं होती, ती त्याने पुसून टाकली. जहाज राहिलं असतं तर क्षितिज किती लांब याचा अंदाज आला असता, नजर टप्प्याटप्प्याने आत गेली असती. तो मधला टप्पाच त्याने काढून टाकला. छोटा माणूस काम करतो तो त्या पोकळीमुळे.

पागोळी: भिक्षूचं मान्य. पण वादळाशिवाय भय येत नाही. इंग्रज चित्रकार टर्नरने १८४२चं आगबोटीचं हिमवादळ रंगवायला स्वतःला चार तास डोलकाठीला बांधून घेतलं होतं!

गेरू: ही कथा पुन्हा नको. तेव्हा तो साठीच्या पुढे होता. शीर्षकात हार्विचहून निघालेली 'एरियल' बोट आहे, तिचा पुरावा सापडत नाही. फ्रेंच चित्रकार व्हर्नेबद्दलही अशीच कथा त्याआधी सांगितली जायची.

पागोळी: पुरावा नाही म्हणजे खोटंच, असं नाही. टर्नरने स्वतः सांगितल्याची नोंद आहे.

गेरू: सांगितलं असेल, घडलं असं त्यावरून ठरत नाही. चित्र बघा ना. ते ९१ बाय १२२ सेंटिमीटरचं, त्यात माणूस जवळजवळ दिसतच नाही. बर्फ, धूर, लाटा एकाच भोवऱ्यात फिरतात, क्षितिज तिरकं होतं, पाय टेकवायला किनारा नाही. लहान माणूस म्हणजे बघणारा.

कोरा_कागद: माझं विचारते. सह्याद्रीच्या कड्याखाली माणूस काढला की खेळण्यातला वाटतो. आणखी लहान करू?

गेरू: नको. बहुधा तो कड्यापेक्षा स्पष्ट आणि उजळ झालाय. माणसाच्या बाह्यरेषा बोथट करा, रंग भोवतालात मिसळू द्या. त्याच्या मागे ओळखीच्या मापाची झाडं असतील तर ती आधी पुसून टाका.

निळीरेघ: कॅनव्हासबद्दल चुकलो असेन. पण टर्नरचं आल्प्स ओलांडणाऱ्या सेनापतीचं 'हॅनिबल' (१८१२) २३७ सेंटिमीटर रुंद आहे, ते उगाच?

गेरू: उगाच नाही, तिथे तुमचं थोडं खरं आहे. पण प्रदर्शनात ते खाली टांगावं म्हणून तो अडून बसला होता. उंचावर गेलं असतं तर वादळ डोक्यावर आलं नसतं. आणि हॅनिबल? दूरवर हत्तीचा ठिपका, तोही शोधावा लागतो.

पागोळी: म्हणजे वादळ लागतंच.

गेरू: हॅनिबलला लागतं. भिक्षूला नाही.