खोक्यांचा दर वाढवायचाय, जुन्या गिऱ्हाइकांना मेल कसा लिहावा?

पुठ्ठेवाला_जळगाव
मंडळी, जळगाव एमआयडीसीत कोरुगेटेड खोके बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे डाळ मिलवाले, काही मसाले-पापडवाले आणि एक मोठी कंपनी, तिचं पर्चेस पुण्याला. क्राफ्ट पेपर किलोमागे ४ रुपयांनी चढलाय. पाच प्लायचा खोका ३२ ला देतो, तो आता ३४.६० च्या खाली परवडत नाही. सगळ्यांना एकच मेल टाकावा म्हणतो, ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने...’ असा. पण भुसावळकडचा एक नवा कारखानदार आमच्याच गिऱ्हाइकांकडे चकरा मारतोय. मेल वाचून तिकडे वळले तर?

अमळनेरचा_आबा
एकदम अडीच रुपये नको भो. आता एक रुपया, दिवाळीनंतर बाकीचा. कुणाला जाणवतही नाही. आणि ‘महागाई’ काढून टाक, कागदाचं लिही. महागाई त्यांनाही आहेच की.

धुळ्याचा_फरसाणवाला
आम्ही दर तोच ठेवला नि २०० ग्रॅमची पुडी १८० ची केली, वजन छापून. कुणी हूं का चूं केलं नाही. तुम्हीही कागद थोडा हलका वापरा, मेलची भानगडच नको.

माजी_पर्चेसवाला
फरसाणवाले दादा, खोक्यात ते चालत नाही. गोदामात थप्पी लागली की खालचा खोका बसतो आणि डाळवाला त्याच दिवशी फोन करतो. हलका कागद द्यायचाच असेल तर सांगून, वेगळा पर्याय म्हणून द्यावा.

आबांचं कागदाचं म्हणणं बरोबर, दोन टप्प्यांचं नाही. मी खरेदीच्या टेबलावर बसायचो. दरवाढीचा मेल आला की साहेबांची मंजुरी घ्यायची आणि मंजुरीसाठी आणखी दोन कोटेशनं मागवायची. दोन टप्पे केले तर भुसावळवाल्याला तुम्ही स्वतःच दोनदा बोलावलंत.

मेल प्रत्येकाला वेगळा, त्याच्या खोक्याच्या हिशेबासकट. साधारण असा:

> विषय: पाच प्लाय खोका, १ ऑक्टोबरपासून दर ₹३४.६०
>
> नमस्कार,
> १ ऑक्टोबरपासून येणाऱ्या ऑर्डरींना दर ₹३४.६० राहील (सध्या ₹३२). क्राफ्ट पेपर किलोमागे ₹४ वाढला आहे. आपल्या खोक्याला वेस्टेज धरून ६५० ग्रॅम पेपर लागतो, त्याचे ₹२.६०. मजुरी आणि विजेची वाढ यात धरलेली नाही.
> ३० सप्टेंबरपर्यंत आलेल्या पीओला जुनाच दर, आपल्या एका महिन्याच्या नेहमीच्या मालापर्यंत.
> हाच खोका हलक्या कागदात हवा असल्यास नमुना पाठवतो, थप्पी लावून बघा.

‘एका महिन्याच्या मालापर्यंत’ हे गाळू नका. नाहीतर जुन्या दराने तीन महिन्यांचा माल मागवतील आणि तुम्ही पेपर नव्या भावाने घ्याल. मोठ्या चार-पाच गिऱ्हाइकांना मेलच्या आदल्या दिवशी फोन करा. पर्चेसवाल्याला साहेबांकडून कळलं तर तो दुखावतो, आणि दुखावलेला माणूस कोटेशन मागवतोच.

अमळनेरचा_आबा
हिशेब उघडा केला आणि उद्या कागद उतरला, की लोक म्हणतील, आता दर कमी करा. मग?

माजी_पर्चेसवाला
म्हणतीलच, आणि करावा लागेल. पण वाढ पटते ती त्या हिशेबामुळेच. ‘किलोमागे २ रुपयांपेक्षा जास्त फरक पडला तर दोन्ही बाजूंनी दर बदलेल’ असं लिहून देणारे काही आहेत. काहींना ते हातपाय बांधल्यासारखं वाटतं. तुमचं तुम्ही ठरवा.

पुठ्ठेवाला_जळगाव
डाळ मिलवाल्यांचं समजलं. पण पुण्याच्या कंपनीचा मार्चपर्यंतचा ओपन पीओ ३२ नेच आहे. त्यांनाही हाच मेल?

माजी_पर्चेसवाला
तिथे नुसता मेल कामाचा नाही. पीओ ३२ चा आणि बिल ३४.६० चं गेलं, तर त्यांच्या सिस्टिममध्ये दर जुळत नाही आणि बिल अडकतं. गिऱ्हाईक सोडून गेलेलं नसतं, पण पैसे महिनाभर लटकतात आणि शेवटी फरकाची डेबिट नोट हातात पडते. सुधारित पीओ आल्याशिवाय नव्या दराने एकही बिल काढू नका. आधी पीओच्या अटी वाचा, कागदाच्या भावाबद्दल काही आहे का?

धुळ्याचा_फरसाणवाला
मोठ्या कंपन्या तशाही पैसे लटकवतातच. एमएसएमईवाल्यांना ४५ दिवसांत द्यायला हवेत ना?

माजी_पर्चेसवाला
तो कायदा थकलेल्या पैशांसाठी आहे दादा. दरच मान्य नसेल तर त्यातला वाढीव भाग कसा मागणार?

पुठ्ठेवाला_जळगाव
पीओ काढून पाहिला. कागदाचा उल्लेखच नाही, ‘दरातील बदल परस्पर संमतीने’ एवढंच आहे. म्हणजे मार्चपर्यंत ३२ नेच?

माजी_पर्चेसवाला
ते नाही म्हणाले तर हो. पण विचारा, दर मागण्याऐवजी दुसरं काहीतरी मागा. पैसे ६० ऐवजी ३० दिवसांत मिळाले तर तुमचं व्याज किती वाचतं ते आधी काढा. २.६० भरून निघणार नाहीत, थोडे निघतील.

पुठ्ठेवाला_जळगाव
सीसीचं व्याज काढलं. ३० दिवसांचे खोक्यामागे तीसेक पैसेच पडतात. तरी सोमवारी त्यांच्या पर्चेसला फोन लावतो. डाळवाल्यांचे मेल आज रात्री लिहायला घेतो.